खुर्ची परत मिळाली, पाटी गेली : मॅकडोनाल्ड्स आणि विक्रम बक्षी यांचं प्रकरण

13 जुलै 2017 रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने विक्रम बक्षी यांना कनॉट प्लाझा रेस्टॉरंट्स या कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकपदावर परत बसवलं. चार वर्षांची लढाई ते जिंकले होते. त्यानंतर सहा आठवडेही झाले नव्हते, तोच 21 ऑगस्टला मॅकडोनाल्ड्सने त्याच कंपनीला नोटीस दिली. उत्तर आणि पूर्व भारतातल्या 169 उपाहारगृहांचे फ्रँचायझी करार रद्द झाल्याचं तीत म्हटलं होतं. पंधरा दिवसांत आमचं नाव, चिन्हं, सजावट, पाककृती आणि कामाच्या पद्धती वापरणं थांबवा, असं सांगितलं होतं. कारण दिलं होतं ते दोन वर्षं थकलेल्या रॉयल्टीचं.

फ्रँचायझी घेण्याचा विचार करणाऱ्याने एकच प्रकरण बारकाईने वाचायचं असेल तर मी हे सांगतो. यातले दोन्ही पक्ष मोठे होते, दोघांकडे नामांकित वकील होते, तरीही करार लिहिताना दुर्लक्षित राहिलेली एक गोष्ट शेवटी निर्णायक ठरली. कंपनीतला हिस्सा हा एक हक्क आणि ब्रँड वापरण्याची परवानगी हा दुसरा. दोन्ही वेगवेगळ्या कागदांवर असतात, वेगवेगळ्या कायद्यांखाली चालतात, आणि एक वाचला म्हणून दुसरा वाचत नाही.

गोष्ट सुरू होते 1995 मध्ये. मॅकडोनाल्ड्सने भारताचे दोन भाग केले. उत्तर आणि पूर्वेसाठी दिल्लीचे विक्रम बक्षी, पश्चिम आणि दक्षिणेसाठी मुंबईचे अमित जटिया. दोघांबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीच्या संयुक्त कंपन्या निघाल्या. बक्षींची कनॉट प्लाझा, जटियांची हार्डकॅसल. ऑक्टोबर 1996 मध्ये पहिलं दुकान दिल्लीत वसंत विहारला उघडलं आणि पाठोपाठ मुंबईत वांद्र्याला. आपल्याकडच्या वाचकांना मॅकडोनाल्ड्स म्हणून जे माहीत आहे, ते जटियांच्या बाजूचं. म्हणूनच दिल्लीत शटर पडत होती तेव्हा पुण्या-मुंबईत कुणाला काही जाणवलं नाही. पाटी एक असली तरी मागे दोन वेगळ्या कंपन्या होत्या.

बक्षींच्या बाजूला कागद दोन थरांत होते. वरचा थर संयुक्त भागीदारीच्या कराराचा. कंपनीत कोणाचे किती शेअर, संचालक मंडळावर कोण, व्यवस्थापकीय संचालक कोण, आणि भांडण झालं तर लंडनला लवाद, हे सगळं त्यात. खालचा थर उपाहारगृहांच्या फ्रँचायझी करारांचा. त्यांत मॅकडोनाल्ड्स परवानगी देणारी आणि कनॉट प्लाझा परवानगी घेणारी. म्हणजे मॅकडोनाल्ड्स स्वतः निम्मी मालक असलेल्या कंपनीला परवानगी देत होती आणि तिच्याचकडून रॉयल्टी घेत होती. घरातल्या भावानेच जागा भाड्याने द्यावी तसं. सगळं गोडीत चाललेलं असतं तोवर ही रचना छान चालते. बिनसलं की तोच भाऊ एका हाताने भागीदार असतो आणि दुसऱ्या हाताने घरमालक.

वरच्या थरातली एक अट फार महत्त्वाची होती. बक्षी व्यवस्थापकीय संचालक राहिले नाहीत तर त्यांचे शेअर विकत घेण्याचा हक्क मॅकडोनाल्ड्सला मिळत होता. ऑगस्ट 2013 मध्ये त्यांची मुदत संपली तेव्हा मंडळावर मॅकडोनाल्ड्सच्या प्रतिनिधींनी त्यांच्या फेरनिवडीला पाठिंबा दिला नाही. फेरनिवड अडली, पद गेलं आणि पदाबरोबर शेअर विकत घेण्याच्या अटीचं दार उघडलं. बक्षी कंपनी लॉ बोर्डाकडे गेले; पुढे 2016 मध्ये या बोर्डाची जागा राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने घेतली. बहुमताच्या किंवा बळाच्या जोरावर भागीदाराची गळचेपी होत आहे, अशी त्यांची तक्रार होती. मॅकडोनाल्ड्सने भागीदारीचा करार संपवला आणि लंडनच्या लवादाकडे धाव घेतली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी 2014 च्या अखेरीस लवाद थांबवला, खंडपीठाने जुलै 2016 मध्ये ती मनाई उठवली. एकच भांडण दिल्लीच्या न्यायाधिकरणात आणि लंडनच्या लवादात अशा दोन वाटांनी वर्षानुवर्षं चालत राहिलं.

2017 च्या जुलैमध्ये न्यायाधिकरणाने बक्षींची बाजू उचलून धरली. मॅकडोनाल्ड्सचं वागणं गळचेपीचंच आहे असं ठरवून त्यांना पद परत दिलं, कंपनीच्या कारभारात ढवळाढवळ करू नये असं बजावलं आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी यांना प्रशासक नेमलं. कंपनी कायद्याच्या हातात जे होतं ते सगळं बक्षींना मिळालं. पण कंपनी कायदा शेअर आणि संचालकपद वाचवतो. व्यापारचिन्ह दुसऱ्याच्या मालकीचं असेल तर ते कंपनीच्या मालमत्तेत येतच नाही, आणि 21 ऑगस्टची नोटीस नेमकी तिथून आली. हा हुकमाचा भंग आहे असं बक्षींचं म्हणणं होतं; पण रद्दीकरणाला स्थगिती मिळाली नाही.

आता रॉयल्टीकडे येतो, कारण नोटिशीचा सगळा भार तिच्यावर होता.

रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नसते. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सही करताना सगळे विसरतात. समजा एका दुकानाची महिन्याची विक्री 20 लाख आहे आणि रॉयल्टी पाच टक्के. मालक भाडं, पगार, वीज, माल यांत बुडालेला असो वा नफ्यात, एक लाख द्यायचेच. त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 18,000. नोव्हेंबर 2017 पासून साध्या उपाहारगृहांना पाच टक्के जीएसटी लागतो, पण भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे हे 18,000 मालकाच्याच खिशातून जातात. बरेचजण हिशेब मांडताना रॉयल्टी पाच टक्के धरतात, प्रत्यक्षात ती 5.9 टक्के पडते. जाहिरात निधीची वर्गणी वेगळी असेल तर तिचंही असंच होतं. उपाहारगृहाच्या धंद्यात महिन्याअखेर हातात विक्रीच्या आठ-दहा टक्के राहिले तरी बरं म्हणतात. तिथे हा फरक जिव्हारी लागतो.

भांडण सुरू झालं की पहिला हात रॉयल्टीवर जातो. ‘त्यांनी माझं काम केलं नाही, मी पैसे का देऊ?’ हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता कागद उघडण्याआधीच विचारतो, रॉयल्टी चालू आहे का? पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावात आइस्क्रीमची फ्रँचायझी चालवणारे एक काका दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. ब्रँडने त्यांच्यापासून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर दुसरं दुकान दिलं होतं. त्यांचा राग अगदी रास्त वाटत होता. पण करारात ‘क्षेत्र’ या शब्दापुढे फक्त त्यांच्या गाळ्याचा पत्ता लिहिला होता. म्हणजे त्यांचा हक्क त्या चार भिंतींपुरता. शेजारच्या गल्लीत दुसरं दुकान दिलं तरी कराराचा भंग होत नव्हता. आणि काकांनी निषेध म्हणून सात महिने रॉयल्टी रोखली होती, तो मात्र स्पष्ट भंग होता. तक्रार त्यांची होती, पण कराराच्या भाषेत चूक त्यांच्याच बाजूला जमा झाली.

बहुतेक छापील करारांत वजावटीला मनाई करणारं एक वाक्य असतं: कुठल्याही वादाच्या कारणाने रॉयल्टी अडवता किंवा वळती करता येणार नाही. ते नसलं तरी पैसे न देणं हा सिद्ध करायला सगळ्यांत सोपा भंग. दर्जा घसरला, माहिती बाहेर गेली, हे सिद्ध करायला साक्षी-पुरावे लागतात. थकबाकीला बँकेचा उतारा पुरतो. कनॉट प्लाझाच्या प्रकरणात चार वर्षांत एकमेकांवर नाना आरोप झाले. बक्षींच्या इतर धंद्यांपासून मॅकडोनाल्ड्सच्या हेतूंपर्यंत सगळं बोललं गेलं. तरी रद्दीकरणाच्या नोटिशीत पुढे आली ती थकलेली रॉयल्टी, आणि संधी देऊनही चूक सुधारली नाही हे वाक्य. हे दुसरं वाक्य उगाच येत नाही. भंग दाखवून द्यायचा, सुधारायला ठरावीक दिवस द्यायचे आणि मगच रद्द करायचं, असा क्रम करारात असतो. त्या दिवसांत काय केलं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. पैसे हरकत नोंदवून भरायचे, लवादाची नोटीस द्यायची, आणि मुदत संपायच्या आत लवाद कायद्याच्या कलम 9 खाली न्यायालयाकडे अंतरिम आदेश मागायचा, हा शहाणा रस्ता. पैसे अडवून बसलेल्या माणसाला अंतरिम आदेश मिळणं फार कठीण जातं.

त्या काकांनाही मी तेच सांगितलं. थकबाकी भरली, सोबत हरकतीचं पत्र जोडलं. दुकान वाचलं. शेजारचं दुकान मात्र तिथेच आहे.

नोटिशीनंतर पुढे काय झालं, हा या प्रकरणातला मला सगळ्यांत शिकवून गेलेला भाग. 21 ऑगस्टमध्ये पंधरा दिवस मिळवले की सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात 169 पाट्या खाली यायला हव्या होत्या. त्या आल्या नाहीत. आतमध्ये तोच बर्गर विकला जात होता. नोटीस स्वतःच्या पायावर चालत जाऊन पाटी काढत नाही; त्यासाठी व्यापारचिन्हाच्या मालकाला न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवून तो बजावावा लागतो. इथे प्रकरण एकाच वेळी न्यायाधिकरण, अपील न्यायाधिकरण, उच्च न्यायालय आणि लंडनचा लवाद यांत गुंतलेलं होतं, आणि चालवणारी कंपनी अर्धी मॅकडोनाल्ड्सचीच होती.

पण आतून कंपनी पोकळ होत चालली होती. त्याचं लक्षण नोटिशीच्या आधीच दिसलं होतं. जूनच्या अखेरीस दिल्लीतल्या 55 पैकी 43 उपाहारगृहं बंद करावी लागली, कारण खानावळीच्या परवान्यांचं नूतनीकरण झालं नव्हतं. मंडळच एकमेकांच्या विरोधात बसलेलं असलं की साध्या परवान्याचा अर्जही अडून राहतो. आणि डिसेंबरमध्ये घाव बसला तो कुठल्या न्यायालयाकडून नाही. मॅकडोनाल्ड्सच्या दुकानांना माल पोचवणाऱ्या राधाकृष्ण फूडलँडने कनॉट प्लाझाचा पुरवठा थांबवला. पाव, पॅटी, सॉस, पेले, सगळं एकाच साखळीतून येत असे. ती तुटल्यावर पूर्व भारतातली आणि उत्तरेतली बरीच दुकानं काही काळ बंद पडली.

ब्रँडवरचं नियंत्रण म्हणजे काय, ते इथे कळतं. करारात त्याची पानंच्या पानं असतात: तळणाचं तापमान, गणवेश, भिंतीचा रंग, फक्त मंजूर पुरवठादाराकडूनच खरेदी. फ्रँचायझी घेणाऱ्याला या अटी सुरुवातीला सोयीच्या वाटतात, कारण काहीच शोधावं लागत नाही. पण ठरलेल्या एका पुरवठादारावर सगळं दुकान उभं असेल तर तो पुरवठादार कोणाचं ऐकतो, हा प्रश्न करारातल्या कुठल्याही कलमाइतका मोठा ठरतो. कनॉट प्लाझाने दुसरी व्यवस्था लावायचा प्रयत्न केला. त्यावर या दुकानांतल्या मालाच्या दर्जाची हमी देता येत नाही अशी भूमिका मॅकडोनाल्ड्सने उघडपणे घेतली. लोक त्या कमानीकडे बघून आत येतात, आणि कमानीचा मालकच म्हणतो की आतलं आमचं नाही. फ्रँचायझी चालवणाऱ्याच्या हातात त्याक्षणी काय उरतं ते मोजून बघावं: गाळ्यांचे भाडेकरार, स्वयंपाकघरातली यंत्रं, शिकलेली माणसं आणि देणी.

त्यातले भाडेकरार मोलाचे. ते कंपनीच्या नावावर असल्यामुळे मोक्याच्या जागा बक्षींच्या बाजूच्या कंपनीकडे होत्या, आणि तडजोडीत वजन आलं असेल तर त्याचं एक कारण तेही असावं, असं मला वाटतं. म्हणूनच हल्ली अनेक ब्रँड करारात लिहून घेतात की रद्दीकरणानंतर आम्हाला हवं असेल तर भाडेकरार आमच्या नावे करून द्यावा लागेल. जागा स्वतःच्या आजोबांची असेल आणि हे कलम न वाचता सही केली असेल, तर काय होतं ते सांगायला नको.

रद्द झालेल्या फ्रँचायझीने न्यायालयातून काय मिळवायचं, याची मर्यादाही इथे सांगायला हवी. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. 1872 चा करार कायदा, विशिष्ट अनुतोष कायदा आणि व्यापारचिन्ह कायदा यांवरच सगळं चालतं. नोटीस देऊन संपवता येणारा करार पुन्हा जिवंत करून द्या, असं न्यायालय सहसा म्हणत नाही. इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस या 1990 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गॅस वितरकाची बाजू ऐकली. पण करारात तीस दिवसांच्या नोटिशीने संपवण्याची सोय होती, म्हणून भरपाई त्या तीस दिवसांचीच दिली. वितरणाचा हक्क परत मिळाला नाही. रद्दीकरण चुकीचं ठरलं तरी हातात किती पडेल, हे त्या नोटिशीच्या कालावधीवरून ठरतं. मी करार वाचायला घेतला की फी आणि सजावटीची पानं मागे ठेवतो आणि आधी हे कलम शोधतो.

दुसरा प्रश्न असतो, रद्द झाल्यावर मी स्वतःचं तसंच दुकान काढू शकतो का? करार कायद्याचं कलम 27 धंद्याला बंदी घालणारी अट निरर्थक ठरवतं. करार चालू असतानाची बंदी मात्र टिकते. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या 1995 च्या निकालात, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. बाटल्या भरणाऱ्या फ्रँचायझीची मालकी पेप्सीच्या बाजूला गेली होती, आणि करार जिवंत असेपर्यंत त्यांनी प्रतिस्पर्ध्याचं पेय भरू नये ही अट न्यायालयाने मान्य केली. करार संपल्यानंतरच्या बंदीला सहसा बळ नसतं. पण पाटी, रंगसंगती, पाककृती, कामाची पुस्तिका यांना हात लावता येत नाही. त्यामुळे व्यवहारात गाळा तोच राहतो आणि बाकी सगळं नव्याने उभं करावं लागतं.

कनॉट प्लाझाचा शेवट न्यायालयात झालाच नाही. सप्टेंबर 2017 मध्ये लंडनच्या लवादाने बहुमताने सांगितलं की बक्षींनी आपला हिस्सा योग्य किमतीला मॅकडोनाल्ड्सला विकावा. अपील न्यायाधिकरणापुढची प्रकरणं चालू असतानाच 9 मे 2019 रोजी दोघांनी न्यायालयाबाहेर तडजोड जाहीर केली. बक्षींचे शेअर मॅकडोनाल्ड्सकडे गेले. पुढचे काही दिवस दुकानं बंद ठेवून तपासणी आणि प्रशिक्षण झालं, आणि 19 मेपासून ती टप्प्याटप्प्याने उघडली. 2020 मध्ये त्याच उत्तर आणि पूर्व भारतासाठी नवा भागीदार आला, संजीव अग्रवाल. क्षेत्राचा हक्क हा असाच असतो. तो नकाशाला चिकटलेला असतो, माणसाला नाही. माणूस बाहेर पडला की ब्रँड तोच नकाशा दुसऱ्याच्या हाती देतो. बक्षींनी वीस-बावीस वर्षं जी शहरं घडवली, ती त्यांच्यासोबत गेली नाहीत.

दुसऱ्या बाजूला मुंबईची हार्डकॅसल 2010 मध्येच वेगळ्या वाटेला लागली होती. तिथे मॅकडोनाल्ड्सने आपला निम्मा हिस्सा जटियांना देऊन टाकला आणि स्वतः फक्त परवाना देणारी राहिली. रॉयल्टी, दर्जा आणि दुकानं वाढवण्याची बंधनं कायम, पण संचालक मंडळावर घरमालक नाही. कोण कोणाचं काय लागतं हे तिथे एकाच कागदावर स्पष्ट लिहिलेलं आहे. दोघांची सुरुवात एकाच वर्षी, एकाच ब्रँडबरोबर, सारख्याच हिश्श्याने झाली होती.